दाढ काढल्यानंतरचा ठणका: खड्डा कोरडा पडलाय की पिकलाय?

उजवीकडची खालची अक्कलदाढ गुरुवारी संध्याकाळी काढली. दाढ आडवी होती, अर्धी हाडात रुतलेली, त्यामुळे नुसती ओढून निघणारी नव्हती. भांडुपच्या आमच्या डॉक्टर मॅडमनी हिरडी कापली, थोडं हाड कोरलं, दाढेचे तुकडे करून ते एकेक काढले आणि वर टाके घातले. शुक्रवारी गाल सुजला, ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. शनिवारी दुपारी मी मऊ भात आणि वरण नीट जेवले, गोळीची वेळ टळली तरी फारसं जाणवलं नाही. आता उतार पडला असं वाटत होतं.

शनिवारी रात्री झोपायला गेले आणि ठणका सुरू झाला. काढल्याच्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचं काही नातं नव्हतं. ते दुखणं वरवरचं होतं, कापल्याचं, ताणल्याचं. हा ठणका आतून, हाडातून येत होता आणि नाडीच्या ठोक्याबरोबर उसळत होता. जबड्यातून तो उजव्या कानात जायचा, कानातून कानशिलात. मधे अर्धा तास तर माझा कानच दुखतोय अशी माझी खात्री झाली होती. उशीवर डोकं टेकवलं की जास्त, उठून बसलं की जरा कमी. तोंडाला घाण चव येत होती. गोळी घेतली, तिने तासाभरासाठी धार कमी झाली, पण दुखणं थांबलं नाही.

घरात सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली: गेल्या वर्षीचं भावोजींचं दुखणं. माझ्या धाकट्या दिरांना असंच दाढ काढल्यावर झालं होतं आणि त्यांना रुग्णालयात दाखल करून गळ्याखाली चीर देऊन पू काढावा लागला होता. सासूबाई पहाटेच उठून बसल्या. "अगं, हे पिकलंय. दिनूचं झालं तसंच. औषध सुरू कर, सकाळची वाट बघू नकोस." नवरा खाली मेडिकलवर जाऊन आला. तिथल्या माणसाने लगेच अँटिबायोटिकची एक पट्टी आणि सोबत दुसऱ्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पुढे केल्या. पट्टीवर उभी लाल रेघ होती, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न घ्यायचं औषध. ते त्याने परत केलं आणि म्हणाला, आधी मॅडमना फोन करू.

रविवार होता, दवाखाना बंद. मॅडम गावी गेल्या होत्या, पण त्यांनी फोन उचलला. पुढची पंधरा-वीस मिनिटं त्यांनी जे विचारलं ते मी इथे सविस्तर लिहिते आहे, कारण कोरडा पडलेला खड्डा आणि पिकलेला खड्डा यातला फरक मला त्या प्रश्नांमधून समजला.

पहिला प्रश्न दुखण्याच्या चालीचा. "काढल्यापासून सलग दुखतंय, की मधे बरं वाटलं आणि मग सुरू झालं?" मधे बरं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, हे लक्षात ठेवा. दाढ काढली की खड्ड्यात रक्त भरतं आणि त्याची गुठळी होते. गुडघा खरचटल्यावर खपली धरते तशी ती हाडावर झाकण घालते आणि तिच्यातच पुढे नवं मांस भरायला लागतं. ही गुठळी नीट धरली नाही, निखळली किंवा आतल्या आत विरघळून गेली, तर खालचं हाड उघडं पडतं. त्या हाडाला हवा, थुंकी, अन्नाचे कण, सगळं थेट लागतं आणि ते ठणकायला लागतं. हाच ड्राय सॉकेट. गुठळी जायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून हे दुखणं साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतं, बहुतेकदा थोडं बरं वाटून गेल्यावर.

दुसरा प्रश्न तापाचा. मी सांगितलं, ताप नाही, आत्ताच मोजला, ९८.६. "गोळी घेऊन किती वेळ झाला?" दीड तास. "मग हा आकडा धरू नका. पॅरासिटॅमॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही ताप उतरवतात. पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी मोजा, तो खरा." हे मला कधी सुचलं नसतं. दुपारी गोळीची वेळ होईपर्यंत थांबले आणि मग मोजला. ९८.४. ड्राय सॉकेटमध्ये ताप सहसा नसतो. इन्फेक्शनमध्ये ताप, अंगात कणकण, थंडी वाजणं, गळून जाणं असू शकतं.

तिसरा सुजेचा. नुसतं "सूज आहे का" एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. हाड कोरून काढलेल्या दाढेनंतर सूज येणारच, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. प्रश्न होता, काल होती त्यापेक्षा आज जास्त की कमी? नवऱ्याने शुक्रवारी आणि शनिवारी माझे फोटो काढलेले होते, ते शेजारी ठेवून बघितलं. रविवारी गाल कालच्यापेक्षा कमी फुगलेला होता. दुखणं वाढत होतं आणि सूज ओसरत होती. मॅडम म्हणाल्या, ही जोडी ड्राय सॉकेटची. इन्फेक्शनमध्ये दोन्ही बरोबर वाढतात, किंवा ओसरलेली सूज परत चढते, वरची कातडी लाल आणि गरम होते, ताणल्यासारखी चमकते.

मग त्यांनी जबड्याच्या खाली बोटांनी चाचपायला लावलं. हाडाच्या कडेखाली, आतल्या बाजूला. डाव्या बाजूशी तुलना करत. उजवीकडे थोडं दुखरं होतं, एक बारीकशी गाठ लागत होती, पण जागा मऊ होती. "मऊ आहे ना? लाकडासारखं घट्ट नाही ना?" नव्हतं. पुढे तोंड उघडण्याचा प्रश्न. आपली बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमधे किती बसतात ते बघायला सांगितलं. एरवी तीन बसतात. माझी दोन बसत होती. त्या म्हणाल्या, खालची दाढ काढल्यावर स्नायू आखडतात, दोन म्हणजे ठीक, पण उद्या एकच बसलं तर मला कळवा. गिळताना त्रास नव्हता. जीभ बाहेर काढता येत होती. आवाज नेहमीचा होता.

शेवटी टॉर्च. काडी, इअरबड, बोट, काहीही आत घालायचं नाही, नुसतं बघायचं आणि फोटो पाठवायचा. नवऱ्याने चमच्याच्या मागच्या बाजूने माझा गाल हळूच बाहेर ओढला आणि मोबाइलच्या उजेडात फोटो काढला. टाक्यांच्या मधे हिरडी उघडली होती आणि तिथे भोक दिसत होतं. आत काळपट-लाल गुठळी असायला हवी होती, तिच्या जागी राखाडी-पांढरं काहीतरी टणक दिसत होतं आणि कडेला भाताचं शीत अडकलेलं होतं. पू दिसत नव्हता.

इथे त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली, कारण त्यांच्याकडे अनेक जण यालाच घाबरून येतात. नीट भरणाऱ्या खड्ड्यावरसुद्धा तीन-चार दिवसांनी पांढरट-पिवळसर पातळ थर येतो. तो पू नसतो, तो भरण्याचाच भाग असतो. तो हिरडीला चिकटून बसलेला असतो आणि तिथे ठणका नसतो. तो खरवडून काढायला गेलं की चांगला चाललेला खड्डा आपल्याच हाताने उघडा पडतो. पू हा ओघळणारा, दाट, हिरडी दाबली की बाहेर येणारा असतो. आणि वास? वासावरून काहीच ठरवायचं नाही. उघड्या खड्ड्यात अन्न कुजूनही तोंडाला वास आणि घाण चव येते, पू झाल्यावरही येते.

"मला नव्वद टक्के ड्राय सॉकेट वाटतोय," त्या म्हणाल्या. "खात्री मी उद्या बघूनच देईन. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. रात्र काढता येईल. पण यातलं एक जरी बदललं, ताप चढला, सूज वाढली, तोंड उघडेनासं झालं, तर मला फोन करा. आणि गिळता येईना, लाळ बाहेर गळायला लागली, जिभेखालचा भाग वर आला, आवाज घोगरा झाला किंवा श्वास लागला, तर माझी वाट बघायची नाही. केईएम, सायन, कुठलंही मोठं रुग्णालय जवळ पडेल तिथल्या कॅज्युअल्टीत जायचं. दातांच्या कॉलेजची ओपीडी रात्री उघडी नसते."

हे शेवटचं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर भावोजी आले. त्यांचं सगळं याच्या उलट होतं, आणि तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ते वाचता आलं नव्हतं. त्यांना मधुमेह आहे आणि त्या काळात साखर खूप वाढलेली होती. दाढ किडून आधीच पू धरलेली होती. काढल्यावर दुखणं इतकं भयंकर नव्हतंच, उलट ते म्हणत होते, "दुखतंय, पण सोसतंय." सूज मात्र रोज वाढत गेली. गालावरून ती जबड्याच्या कडेखाली उतरली आणि तिथे घट्ट झाली. त्यांचं एक बोटसुद्धा तोंडात नीट जात नव्हतं. ताप १०२ पर्यंत गेला. पाणी पिताना ठसका लागायला लागला तेव्हा रात्री त्यांना हलवलं. डॉक्टरांनी सांगितलं, पू जबड्याखालच्या पोकळीत उतरला आहे. तिथे शिरेतून अँटिबायोटिक दिलं, बाहेरून चीर देऊन पू वाहायला नळी ठेवली, साखर आटोक्यात आणली. म्हणजे ज्याला आम्ही घरात "तसंच" म्हणत होतो ते तसं अजिबात नव्हतं. भावोजींना दुखणं कमी आणि धोका जिवावरचा होता. मला दुखणं असह्य होतं आणि जिवाला धोका नव्हता. दुखण्याच्या जोरावरून धोका मोजायचा नसतो, हे मला त्या रविवारी कळलं, आणि सासूबाईंनाही मी तेच सांगत राहिले.

मग अँटिबायोटिक का नाही, हा घरातला पुढचा प्रश्न. मॅडमनी तो फोनवरच सासूबाईंना समजावला. इन्फेक्शन म्हणजे जंतू मांसात घुसलेले आहेत, शरीर त्यांच्याशी झगडतंय, म्हणून ताप, सूज, पू. तिथे पू बाहेर काढायचा आणि गरज असेल तर अँटिबायोटिक द्यायचं. ड्राय सॉकेटमध्ये दुखतं ते हाड उघडं पडल्यामुळे आणि त्याच्या पृष्ठभागावर दाह झाल्यामुळे. पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स त्या हाडावर झाकण घालत नाही. ते पाच दिवस ठणका तसाच राहतो, जुलाब-मळमळ वर, आणि शेवटी दुखणं आपोआप ओसरतं तेव्हा श्रेय मात्र औषधाला जातं. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांना पटलं ते मॅडमनी एक वाक्य जोडल्यावर: "आई, उद्या मला पू दिसला किंवा ताप आला, तर मी स्वतः लिहून देईन."

लवंगेच्या तेलाचंही सासूबाईंनी विचारलं. घरात बाटली होतीच. मॅडम म्हणाल्या, मी उद्या जे औषध भरणार आहे त्यात लवंगेतलंच युजेनॉल आहे, त्यामुळे तुमची कल्पना चुकीची नाही. पण शुद्ध तेल थेट खड्ड्यात टाकलं तर हिरडी आणि उघडं हाड भाजतं, आणि कापसाचे तंतू आत अडकून राहतात. एक रात्र थांबा.

ती रात्र गोळ्यांवर काढली. मॅडमनी वेळा बांधून दिल्या: जेवणानंतर आयबुप्रोफेन, आणि त्याच्या जोडीला पॅरासिटॅमॉल. मला किडनीचा, अल्सरचा किंवा दम्याचा त्रास नाही हे त्यांनी आधी विचारून घेतलं. दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात, म्हणून एकट्या एकीपेक्षा दोन्ही मिळून जास्त पडतं. नवऱ्याने मेडिकलवरून आणखी एक "जोरदार" गोळी आणली होती. तिच्या मागे बारीक अक्षरांत वाचलं तर तिच्यातही पॅरासिटॅमॉल होतं. ती बाजूला ठेवली. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटॅमॉल जाऊ द्यायचं नाही, आणि दुखण्याच्या भरात माणूस नेमका दोन वेगवेगळ्या नावांखाली तेच औषध घेत राहतो. उशा वाढवून अर्धवट बसून झोपले. कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ नव्हे, ते मिठाचं पाणी नुसतं तोंडात धरून मान कलती करून पडू द्यायचं, जोराने थुंकायचं नाही. तेवढ्याने वास कमी झाला. ठणका पहाटेपर्यंत चालू होता.

सोमवारी सकाळी खुर्चीत बसले तेव्हा मॅडमनी आधी बाहेरून सगळं पुन्हा बघितलं: ताप, जबड्याखालचा भाग, तोंड किती उघडतं ते. मग छोटा एक्स-रे काढला. दाढेच्या मुळाचा तुकडा किंवा हाडाची कपची आत राहिली तर त्यानेही असंच दुखतं, म्हणून. तसं काही नव्हतं. मग आरसा आणि उजेड. त्यांनी बोथट टोकाच्या उपकरणाने खड्ड्याच्या तळाला अगदी हलकेच स्पर्श केला आणि मी खुर्चीचे दोन्ही हात पकडले. त्या म्हणाल्या, "हाड उघडं आहे. पू नाही. ड्राय सॉकेट." आरशात मलाही दाखवलं. भिंतींना कडेने थोडी गुठळी चिकटलेली होती, तळ मात्र स्वच्छ हाडाचा, फिकट, कोरडा.

यानंतरचं काम मला वाटलं होतं त्याच्या मानाने फार साधं होतं. वाकड्या बोथट सुईच्या सिरिंजमध्ये कोमट सलाईन भरून त्यांनी खड्डा हळूहळू धुतला. भाताचं शीत, एक जिऱ्याचा तुकडा, काहीसं राखाडी, चिकट असं बाहेर आलं. खरवडलं नाही. मला वाटलं होतं की खरवडून नवं रक्त आणतील, ओळखीच्या एका बाईंना तसं केलेलं ऐकलं होतं. मॅडमनी सांगितलं, त्याने दुखणं वाढतं, राहिलेली चांगली गुठळी जाते आणि जंतू हाडात आत ढकलले जाऊ शकतात, म्हणून त्या तसं करत नाहीत. मग कापसाने बाजूचा भाग कोरडा केला आणि चिमट्याने औषधात भिजवलेली गॉजची अरुंद पट्टी खड्ड्यात सैलसर बसवली. दाबून ठासली नाही. सगळ्या तोंडात लवंगेचा वास पसरला.

मी घड्याळ बघत होते. बाहेर रिसेप्शनवर पुढच्या तारखेची वही काढेपर्यंत कानातली कळ गेली. रिक्षात बसले तेव्हा जबड्यात एक बधिरसा जडपणा राहिला होता, ठणका नव्हता. घरी जाऊन पेज प्यायले आणि शनिवारनंतर पहिल्यांदा गाढ झोपले.

कान का दुखत होता, हेही त्या दिवशी विचारून घेतलं, कारण ते मला सर्वांत विचित्र वाटलं होतं. खालच्या जबड्याच्या दातांना जाणारी नस आणि कानाच्या समोरून कानशिलाकडे जाणारी नस एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. मेंदूला दुखणं कुठल्या फांदीतून आलं ते नीट सांगता येत नाही. कानाचे थेंब टाकून त्यामुळेच काही होत नाही, आणि कानाच्या डॉक्टरांकडे चकरा मारणारे रुग्ण नंतर त्यांच्याकडे येतात.

त्या पट्टीचा परिणाम दुसऱ्या दिवशी दुपारपासून कमी व्हायला लागला. हे अपेक्षितच असतं. मंगळवारी पट्टी काढून खड्डा परत धुतला, नवी बसवली. नंतर दिवसाआड. प्रत्येक वेळी आतलं दृश्य थोडं बदलायचं: आधी कडांवर लालसर दाणेदार मांस दिसायला लागलं, मग ते तळाकडे सरकलं. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की हे औषध खड्डा भरून आणत नाही. ते फक्त दुखणं झाकतं आणि अन्न आत जाऊ देत नाही. भरण्याचं काम शरीर करतं आणि त्याला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यानंतर ठणका राहत नाही. उलट पट्टी गरजेपेक्षा जास्त दिवस आत ठेवली तर मांस भरायला अडथळा होतो. म्हणून ठणका थांबल्यावर त्यांनी ती बंद केली. गॉजची पट्टी आपोआप विरघळत नाही, ती डॉक्टरांनीच काढायची असते. ज्यांच्याकडे ती बसवली आहे त्यांनी तारीख चुकवू नये, विसरलेली पट्टी स्वतःच आत कुजते.

पट्टी बंद झाल्यावर मला घरी वाकड्या टोकाची प्लास्टिकची सिरिंज दिली. जेवणानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, ते सिरिंजने खड्ड्यात हलक्या हाताने सोडायचं. पहिल्यांदा आतून पोह्याचा दाणा बाहेर आला आणि मला कळलं की हे का सांगितलंय. हिरडी वरून मिटायला काही आठवडे जातात, आणि आतलं हाड भरायला महिने. तोवर त्या खळग्यात अन्न जाणार, ते धरून चालायचं.

मला ड्राय सॉकेट का झाला, याचं एकच एक कारण मॅडमनी सांगितलं नाही. खालच्या अक्कलदाढेला तो सर्वांत जास्त होतो. साध्या दात काढण्यात शंभरातल्या एक ते पाच जणांना, तर खालच्या अक्कलदाढेत काही पाहण्यांमध्ये हे प्रमाण तिसापर्यंत गेलेलं आहे. खालच्या जबड्याचं हाड घट्ट असतं, रक्तपुरवठा वरच्यापेक्षा कमी. हाड कोरावं लागलं की धोका वाढतो. काढण्याआधी महिनाभर माझी त्या दाढेवरची हिरडी दोनदा सुजली होती, तेही एक कारण. आणि एक गोष्ट मला पूर्ण नवी होती: मी पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या घेते. त्यातलं इस्ट्रोजेन रक्तातली गुठळी विरघळवण्याची क्रिया वाढवतं, त्यामुळे गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये ड्राय सॉकेट जास्त दिसतो. सिगारेट, विडी, तंबाखू, मशेरी हे तर मोठं कारण आहेच. माझ्या शेजारच्या काकू दाढ काढल्यावर हिरडीला बरं वाटावं म्हणून मशेरी लावत होत्या, त्यांना मी हे लगेच जाऊन सांगितलं.

एक सावधगिरी मॅडमनी शेवटच्या भेटीत दिली. ड्राय सॉकेट बरा झाला म्हणजे इन्फेक्शनची शक्यता संपली असं नाही. खालची अक्कलदाढ हाड कोरून काढली असेल तर तीन-चार आठवड्यांनीसुद्धा, सगळं शांत झाल्यावर, गाल पुन्हा सुजू शकतो. हिरडीखाली अडकलेलं अन्न किंवा हाडाची कपची पिकलेली असते. ड्राय सॉकेट तेवढ्या उशिरा सुरू होत नाही. त्यामुळे महिन्याभराने नवी सूज आली तर "आधी झालं होतं तेच असेल" म्हणून लवंगेच्या पट्टीची वाट बघायची नाही, तिथे तपासून पू काढावा लागतो. मला तसं काही झालं नाही, पण तारखेनुसार तेवढे आठवडे मी आरशात दोन्ही गाल बघत होते.

डावीकडची अक्कलदाढही आडवीच आहे, ती पुढच्या महिन्यात काढायची आहे. यावेळी ठरलेलं असं: स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून तारीख हार्मोनच्या गोळ्यांच्या रिकाम्या आठवड्यात धरायची. काढण्याच्या आधी क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशने चूळ भरायची, आणि काढल्यावर खड्ड्यात त्याचंच जेल मॅडम भरणार आहेत, कारण त्याने धोका कमी होतो असा पुरावा आहे. माउथवॉश पुन्हा सुरू करायचा तो दुसऱ्या दिवसापासून, जोराने न खळखळवता. स्ट्रॉ नाही, जोराने थुंकणं नाही. काढायचा वार मी सोमवार मागून घेतला आहे, म्हणजे तिसरा-चौथा दिवस रविवारी येणार नाही. आणि थर्मामीटर, फोटो, तीन बोटं हे सगळं पहिल्या दिवसापासून, गोळीच्या आधी.